कोकणकन्येच्या रात्री: कोणाला कुठला बर्थ

गुरुवार, रात्र

कुडाळजवळच्या आमच्या गावी ग्रामदेवतेची जत्रा होती. आई-बाबांना बऱ्याच वर्षांनी दशावतार पाहायचा होता, म्हणून आम्ही पाच जण निघालो: आई, बाबा, मी, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. ठाण्याहून कोकणकन्या, साधा स्लीपर. डिसेंबरातली हवा कोकणात रात्री एसीची गरज ठेवत नाही, पण बर्थ कोणता हा प्रश्न मात्र स्लीपरमध्ये जास्त जाणवतो.

तिकिटं काढताना मी पाच जणांचं एकच तिकीट काढलं नाही. रेल्वेने प्रत्येक स्लीपर डब्यात सहा-सात खालचे बर्थ 60 वर्षांवरील पुरुष, 45 वर्षांवरील स्त्रिया आणि गरोदर महिला यांच्यासाठी राखून ठेवलेले असतात. पण हा कोटा तिकिटावर एकटा किंवा फार तर दोघं असतील आणि दोघंही त्या अटीत बसत असतील तेव्हाच लागू होतो. सून, नातू, मुलगा अशी सगळी नावं एकाच तिकिटावर घातली की तो हातचा जातो आणि म्हाताऱ्या माणसाला खालची जागा मिळणं शिल्लक बर्थांवर राहतं. म्हणून आई-बाबांचं वेगळं तिकीट, आणि बुकिंग करताना कोट्याच्या यादीत `LOWER BERTH/SR.CITIZEN` निवडायचं. मार्च 2020 पासून ज्येष्ठांना भाड्यातली सवलत मिळत नाही, त्यामुळे हा कोटाही बंद झाला असं पुष्कळ लोक समजतात. तसं नाही. भाडं पूर्ण द्यावं लागतं, राखीव जागा कायम आहेत.

आम्हा तिघांच्या तिकिटावर मी बायकोसाठी अपर, मुलीसाठी मिडल आणि माझ्यासाठी साइड लोअर अशी पसंती दिली होती. पसंती ही विनंती असते. बर्थचा प्रकार सांगता येतो, नंबर निवडता येत नाही. मुलीचं पूर्ण भाडं भरलं होतं. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचं अर्धं तिकीट निघतं, पण त्यात बर्थ मिळत नाही, आणि एकाच बर्थवर आई आणि आठ वर्षांचं मूल म्हणजे दोघींचीही झोप जाते.

आई-बाबांना S4 मध्ये 17 आणि 20 मिळाले, आम्हाला S6 मध्ये 45, 46, 47. वेगळी तिकिटं काढण्याची ही किंमत आहे, डबे वेगळे येऊ शकतात. नंबरावरून बर्थ ओळखायचा तर आठाने भागायचं. बाकी एक किंवा चार उरली तर लोअर, दोन किंवा पाच तर मिडल, तीन किंवा सहा तर अपर, सात उरली तर साइड लोअर आणि काहीच उरलं नाही तर साइड अपर. म्हणजे 17 आणि 20 हे समोरासमोरचे दोन लोअर, आणि आमचे 45 मिडल, 46 अपर, 47 साइड लोअर. मागितलं तेच मिळालं होतं.

आता खरा विचार. ‘म्हाताऱ्यांना खालचा बर्थ’ एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण खालचे बर्थ दोन जातीचे आहेत, आणि त्यांच्यात फरक मोठा आहे. मुख्य बाजूच्या लोअरवर मिडल उघडला की सरळ बसता येत नाही. मान वाकवून, कोपरावर टेकून राहावं लागतं. रात्री दहा ते सकाळी सहा ही मिडल उघडण्याची वेळ असते, आणि ठाण्याला ही गाडी पावणेबाराच्या सुमारास येते, म्हणजे चढल्या क्षणापासून तिथे फक्त आडवंच होता येतं. साइड लोअरच्या वर एकच बर्थ असतो आणि तो उंचावर असतो. त्यामुळे रात्री कधीही उठून पाठ टेकून बसता येतं.

बाबांचे गुडघे गेलेत आणि रात्री दोनदा तरी उठावं लागतं. पण एकदा पाठ टेकली की ते सरळ झोपतात. आईचं उलटं आहे. गुडघे ठीक, पण सपाट झोपलं की घशाशी जळजळ येते, दम लागल्यासारखं होतं, मग अर्धा-पाऊण तास उठून बसल्याशिवाय बरं वाटत नाही. बाबांना 17 उत्तम होता. आईला 20 वर रात्र काढणं म्हणजे शिक्षा झाली असती.

म्हणून ठाण्याला चढण्याआधीच ठरवलं: आई S6 मधल्या माझ्या 47 वर, मी तिच्या जागी S4 मध्ये 20 वर, बाबांच्या समोर. वर बायको, मधे मुलगी, आणि पॅसेजपलीकडे आजी. मुलगी रात्री हलली तर आजीच्या नजरेत. इकडे बाबा उठले की मी समोरच.

अशी अदलाबदल दोन डब्यांत करताना टीसींना सांगितलंच पाहिजे. त्यांच्या यादीत 47 वर माझं नाव, 20 वर आईचं. तपासणीच्या वेळी नोंदीतला माणूस सापडला नाही तर प्रवासी आलाच नाही अशी नोंद होऊन जागा दुसऱ्याला जाऊ शकते. मी आधी S4 च्या टीसींना दोन्ही तिकिटं दाखवली, मग S6 मध्ये जाऊन तिथल्यांना. दोघांनीही आईचं वय पाहून हरकत घेतली नाही. आणखी एक गोष्ट आधीच केलेली बरी. प्रत्येक तिकिटावरच्या किमान एकाकडे मूळ ओळखपत्र हवं असतं. एरवी घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं एकाच पाकिटात असतात आणि ते पाकीट एका डब्यात राहतं. आम्ही ज्याचं त्याच्याकडे दिलं.

आईचं अंथरूण मी स्वतः घातलं. साइड लोअर दोन समोरासमोरच्या सीटच्या पाठी आडव्या पाडून तयार होतो आणि त्यांचा सांधा बरोबर कमरेखाली येतो. काही डब्यांत सांध्यावर टाकायला वेगळी फळी दिलेली असते, या डब्यात नव्हती. घरून आणलेली गोधडी चौघडी करून सांध्यावर टाकली, वर चादर. डोकं इंजिनकडे की मागे याला फारसा अर्थ नाही, पण डोक्याशी उशी उभी करून टेकता यावं अशी बाजू निवडावी. खिडकीची काच पूर्ण खाली ओढली. डिसेंबरात पहाटेचा वारा थेट छातीवर येतो.

शुक्रवार

खेडपासून पुढे डब्याला जाग येते. पहाटे तीन ते पाच या वेळात खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी अशी स्टेशनं येतात आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी पिशव्या ओढत, एकमेकांना हाका मारत उतरतं. ज्याची झोप हलकी आहे त्याने या गाडीत साइडचा बर्थ शक्यतो घेऊ नये, कारण ही सगळी वर्दळ त्याच्या उशीपासून हातभर अंतरावरून जाते. माझ्या बायकोला कुजबुजीनेही जाग येते. तिच्यासाठी अपर मागण्याचं कारण हेच. अपरवर कोणी पायाशी येऊन बसत नाही, मिडल पाडायचाय म्हणून कोणी उठवत नाही, सकाळी सहानंतरही पडून राहता येतं. तोटे आहेत: दिवा डोळ्यांजवळ, पंखा कानाजवळ, आणि एप्रिल-मे मध्ये छताची धग. दिव्यासाठी ती ओढणीची घडी डोळ्यांवर बांधते. डिसेंबरात धगीचा प्रश्न नव्हता.

डब्यात कुठल्या भागात आहोत हेही कमी महत्त्वाचं नाही. कोकणकन्येला आता एलएचबी या नव्या बांधणीचे डबे आहेत, स्लीपरला 80 बर्थ, म्हणजे दहा कप्पे. पहिला आणि शेवटचा कप्पा दाराला आणि संडासाला लागून. तिथे दाराचा आपटण्याचा आवाज, चाकांचा खडखडाट आणि रात्रभर ये-जा. 33 ते 48 हे मधले कप्पे चाकांपासून लांब असल्यामुळे तिथे आवाज कमी. बायकोचा 46 त्यातच होता. बाबांचा 17 तिसऱ्या कप्प्यात. संडासापासून दोन कप्पे अंतर, म्हणजे वास-आवाज नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला हलत्या गाडीत चालायला पल्ला छोटा. नंबर आपल्याला निवडता येत नसला तरी कोणाला कुठे झोपवायचं हे ठरवताना हे पाहता येतं.

उक्षी सोडल्यावर करबुड्याचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. उघड्या खिडकीशी लोअरवर झोपलेल्याला त्याचा घुमणारा आवाज खाडकन उठवतो. पूर्वी डिझेल इंजिनाचा धूरही बोगद्यांत डब्यात भरायचा, दम्याच्या माणसांना त्याचा फार त्रास. 2022 मध्ये या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं आणि विजेच्या इंजिनामागे तो त्रास उरला नाही. बाबांच्या खिडकीची काच मी आधीच लावली होती, त्यामुळे ते झोपेतच बोगदा पार करून गेले.

त्याआधी ते एकदा उठले होते. लोअरवरून उठण्याची त्यांची एक रीत आम्ही घरीच घोटून घेतली होती: आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग डोकं पॅसेजच्या बाजूने बाहेर काढायचं आणि शेवटी उभं राहायचं. सरळ उठून बसायला गेलं की कपाळ मिडलच्या पत्र्यावर आदळतं. अंधारात, अर्धवट झोपेत हेच होतं. चपला बर्थच्या पॅसेजकडच्या टोकाशी ठेवायच्या, बॅगा आत भिंतीकडे सारायच्या.

रत्नागिरीनंतर मी S6 मध्ये जाऊन आलो. आई बसलेली होती, खांद्यावर शाल, बाहेरचा काळोख बघत.

‘झोप लागली का गं?’

‘दोनपर्यंत लागली छान. मग जळजळलं, तशी उठून बसले. आता जाईल.’

मुलगी मिडलवर भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. मुलांना अपर आवडतो, चढायला मजा वाटते, पण झोपेत लोळणाऱ्या मुलासाठी मिडलच बरा. तिथे खाली किंवा पलीकडे झोपलेल्या मोठ्या माणसाचा हात पोचतो. तिला आम्ही डोकं खिडकीकडे आणि पाय पॅसेजकडे असं झोपवलं होतं, आणि पॅसेजच्या अंगाला पांघरुणाची गुंडाळी लावली होती. अगदी लहान, पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही आणि बर्थही मिळत नाही. त्याच्या आईला मात्र लोअर हवाच, दोघांना मिळून जेमतेम दोन फूट रुंदी असली तरी.

सहा वाजता मिडल पाडले आणि सगळे बसते झाले. आठच्या सुमारास कुडाळ.

शनिवार

जत्रेचा दिवस पूजेत, ओटी भरण्यात आणि पाहुण्यांत गेला. रात्री दशावतार. आई पहाटेपर्यंत बसून होती.

दुपारी वाडीतले एक काका आले. त्यांना सोमवारी मुंबईला डॉक्टरकडे जायचं होतं आणि तिकिटावर आरएसी लागलं होतं. ‘साइड लोअर गावलो म्हणजे बरा झाला मां?’ त्यांनी विचारलं. मला त्यांना नीट सांगावं लागलं. आरएसीमध्ये साइड लोअर अर्धाच आपला असतो. दोघांना बसायची जागा मिळते, आणि कोणी न आल्याने बर्थ रिकामा झाला तर एकाला पूर्ण बर्थ. तोपर्यंत पाय लांब करता येत नाहीत. सत्तरीच्या माणसाने रात्रभर असं बसून सकाळी डॉक्टरकडे जाणं बरोबर नाही. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, चार्ट लागल्यावर पुन्हा तपासायचं, कारण आरएसी बऱ्याचदा तेव्हा पक्कं होतं. दुसरी, तसंच राहिलं तर चढल्या चढल्या टीसींना वय सांगून विनंती करायची. गाडी सुटल्यावर खालचे बर्थ रिकामे राहिले तर मिडल किंवा अपर मिळालेल्या ज्येष्ठांना, अपंगांना, गरोदर बाईला ते देण्याचा अधिकार टीसींना असतो. पण आरएसीवाल्याला आधी कुठला तरी पूर्ण बर्थ मिळायला हवा, तेव्हा पहिली विनंती तेवढीच करायची. मिळालेला बर्थ वरचा असला तर खालचा मागायचा.

काकांनी मुलाला फोन करून दिवस एक दिवस पुढे ढकलला आणि पक्कं तिकीट काढलं.

रविवार, परतीची रात्र

परतीला गाडी कुडाळला रात्री पावणेनऊच्या आसपास येते, म्हणजे दहा वाजेपर्यंत तासभर बसायचा वेळ असतो. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. जाताना चढल्याबरोबर लोअर पूर्ण आपला होता. परतीला मात्र दहापर्यंत त्यावर मिडल आणि अपरवाल्यांचाही बसण्याचा हक्क, आणि साइड लोअरवर साइड अपरवाल्याचा. थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला साडेनऊलाच आडवं व्हायचं असेल तर ते विनंतीवर होतं, आणि कोकणातल्या गाडीत सहसा कोणी नाही म्हणत नाही.

या वेळी पाचही जण S5 मध्ये होतो. आई-बाबा 33 आणि 36, दोन्ही लोअर, अगदी मधला कप्पा. आम्ही 50 मिडल, 51 अपर आणि 56 साइड अपर. डबा एक मिळाला, पण साइड लोअर आमच्यात कोणालाच नव्हता, आणि आईला तोच हवा होता. आई-बाबांच्या कप्प्यातला साइड लोअर म्हणजे 39. त्यावर सावंतवाडीहून चढलेला एक तरुण बसला होता, चांगला उंच, पनवेलला उतरणारा. त्याने अजून चादर पसरली नव्हती. विचारायचं ते याच वेळी. एकदा माणूस अंथरूण घालून पडला की त्याला उठवणं जिवावर येतं आणि त्यालाही.

मी त्याला म्हटलं, ‘माझ्या आईला रात्री उठून बसावं लागतं. तिचा 36 लोअर आहे. तुम्ही तिथे झोपाल का आणि ती इथे?’

‘काकींका माझी जागा होयी तर देतंय मी. माका तर तो बरोच, हंय पाय दुमडून झोपूचे लागतत.’

त्याचं खरं होतं. साइडच्या बर्थला डोक्याशी आणि पायाशी दोन्हीकडे भिंत असते, उंच माणसाचे पाय मुडपलेलेच राहतात. मुख्य लोअरवर एक टोक पॅसेजकडे उघडं, पाय थोडे बाहेर गेले तरी चालतं. अदलाबदल मागताना समोरच्याला काय मिळतंय हे आधी पाहावं. लोअरच्या बदल्यात अपर देऊ करणं म्हणजे उपकार मागणं, पण साइड लोअरच्या बदल्यात लोअर देणं हा दोघांच्याही सोयीचा व्यवहार. आम्ही टीसींना सांगितलं, दोघांनी तिकिटं दाखवली, झालं.

39 च्या वरच्या 40 वर एक गृहस्थ होते. ते दहापर्यंत आईशेजारी बसून भजनी मंडळाच्या गप्पा मारत राहिले. मग वर गेले आणि आईने उशी उभी केली.

मी 56 वर. साइड अपरवरची रात्र कशी असते हे सांगायला हवं, कारण शेवटी घरातल्या कोणाला तरी तो घ्यावाच लागतो. मुख्य बर्थ डब्याच्या आडवे असतात, साइडचे लांबीच्या दिशेने. त्यामुळे गाडी सुटताना किंवा ब्रेक लागताना जो धक्का बसतो तो मुख्य बर्थवर कुशीला जाणवतो, आणि साइडवर डोक्याकडून पायाकडे. वळणावर उलटं: मुख्य बर्थवर शरीर थोडं वर-खाली सरकतं, साइडवर ते पॅसेजकडे किंवा भिंतीकडे लोळतं. कोकण रेल्वेला वळणं भरपूर. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्या माणसाला साइड बर्थवर दर वळणाला अंग आवळून धरावं लागतं, म्हणून मी तो बाबांना कधीच देणार नाही, खालचा असला तरी. शिवाय पॅसेजचा दिवा. धडधाकट, फार उंच नसलेल्या आणि झोप पक्की असलेल्या माणसाने तो घ्यावा. आमच्यात तो मी.

एकेरी मार्गावर गाडी मधेच क्रॉसिंगला थांबते, खडखडाट बंद होतो आणि हलकी झोप असलेली माणसं त्या शांततेनेच जागी होतात. बायको राजापूरच्या पुढे अशीच उठली. तिच्या खाली, 49 वर, एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन झोपल्या होत्या. मूल रडलं तेव्हा तिने वरून त्यांची पाण्याची बाटली हुकाला अडकवून दिली आणि पुन्हा ओढणी डोळ्यांवर घेतली.

ठाणे पहाटे पाचच्या सुमारास, म्हणजे मिडल पाडायची वेळ झालेली नसते. पनवेलला तो तरुण उतरला तेव्हाच मी खाली आलो. बाबांना 33 वरून त्यांच्या रीतीने उठवलं आणि पॅसेज ओलांडून आईच्या 39 वर नेऊन बसवलं. लोअरवर वाकून मोजे-बूट घालणं त्यांच्या गुडघ्यांना आणि मानेला जमत नाही. तिथे डोक्यावर मोकळी जागा होती. आईने तिची चादर घडी केली, मी सांध्यावरची गोधडी काढून पिशवीत भरली, बाबांनी सावकाश एक-एक बूट चढवला. दिवा स्टेशन गेलं तेव्हा दोघं तयार होऊन शेजारी शेजारी बसली होती, आणि मी मुलीला उठवायला पलीकडच्या कप्प्याकडे गेलो.